कथा: डाळीचं पाणी

मुख्यसेविका_निवृत्त

ही एक लघुकथा. निम्मी भाच्याकडून ऐकलेली, निम्मी मनाची. गाव सांगोल्याकडचं, मुलगा जर्मनीत व्युर्त्सबुर्गला एमएस करायला गेलेला. साल २०२४, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. चुका असतील तर बिनधास्त दाखवा.

---

रविवारी दुपारी एकला फोन लावायचा हे ठरलेलं. तिकडं तेव्हा साडेनऊ वाजतात. ओंकार उठलेला असतो आणि हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात गर्दी नसते. मंगलनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, पदरानं काच पुसली आणि बटण दाबलं.

सातव्या रिंगला त्यानं उचलला. एक डोळा बंद.

"आई, साडेआठच झालेत गं."

"का रं? घड्याळ बंद पडलं का?"

"रात्री एक तास मागं केलं सगळ्यांनी. थंडीत करतात."

"सगळ्यांनी म्हंजी?"

"अख्ख्या देशानं."

मंगलनं जरा विचार केला. "मग त्या वरच्या तासाचं काय केलंस?"

"झोपलो."

तो फोन घेऊन स्वयंपाकघरात आला. त्याच्या डोक्यामागं भिंतीवरचं घड्याळ साडेनऊच दाखवत होतं. ते कुणी फिरवलंच नव्हतं. मंगलला तेच घड्याळ बरं वाटलं.

अंगणवाडीत ती तेवीस वर्षं मदतनीस. पोर उंबऱ्यातून आत यायच्या आधी तिला त्याचे केस, डोळे आणि नखं दिसतात. ती सवय घरीही सुटत नाही.

"केस झाडूवानी झाल्यात तुझं. तेल संपलं का?"

"तेल लावतो गं. धुतले की असेच होतात इकडं."

"काल काय खाल्लंस?"

"वरण-भात."

"दाव."

"काय दाव? खाल्लं की."

"उरलं असंल. एकट्याच्या मापानं तुला कधी करता आलंय?"

त्यानं पातेल्यावरचं झाकण काढून फोन तिरपा धरला. आधी छत दिसलं, मग त्याचा अंगठा, मग डाळ. दाणा न् दाणा मोजून घ्यावा असा. डाळ एकीकडं, पाणी एकीकडं.

"किती येळ शिजवलीस?"

"दीड तास."

मंगल गप्प बसली. कुकर बॅगेत होता, तो तिनंच काढला होता. जायच्या आदल्या रात्री अंगणवाडीतला साल्टरचा काटा मागून आणला होता, पोरं झोळीत घालून वजन करायचा तो. माळवदाच्या तुळईला काटा अडकवला आणि काट्याला बॅग. सुई तेवीसच्या पुढं गेली ती मागं येईना. पुस्तकं काढू म्हटलं तर ओंकारचं तोंड उतरलं. शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी हातात घेतली आणि परत ठेवली. कुकर काढला. सुई बरोबर तेवीसवर आली तेव्हा दोघं हसले होते.

"डाळ जुनी असंल," ती म्हणाली. "पाकीट बघू."

पाकीट नवं होतं. "केवढ्याला दिलं?"

"स्वस्तच हाय," म्हणत त्यानं पाकीट फडताळात ठेवलं. त्या फडताळात आणखी काय आहे ते दिसायच्या आत दार लागलं.

टेबलावर काळ्या चहाचा कप होता. मंगलनं मान पुढं घेतली, जणू तेवढ्यानं जवळून दिसणार होतं.

"चहावर काय तरंगतंय?"

"काय नाही. तवंग येतोच."

"दूध नाय, साय नाय, तर तवंग कशाचा?"

"आई, येतो इकडं."

"पानी कशात तापवतोस? ते दाव. बाहेरनं नगं, आतनं."

ओंकारनं विजेची किटली उचलली आणि फोनचा दिवा लावून आत धरली. तळाला पांढरी खपली धरली होती, मध्ये भेगा पडून पापुद्रे सुटलेले.

मंगल एकदम ताठ बसली. "आरं, हे तर बोरचं पानी!"

"बोर नाही आई, नळाचं आहे. पिण्याचं. सगळे तसंच पितात."

"प्यायचं असंल. डाळीचं नाय."

तिच्या सासूबाई दोन घागरी ठेवायच्या. गावविहिरीची पिण्याला आणि मळ्यातल्या विहिरीची डाळीला. मळा अर्धा कोस लांब. नवी नवरी असताना मंगलला वाटायचं, सुनेला राबवायला काढलेली ही युक्ती आहे. एकदा गुपचूप गावविहिरीच्या पाण्यात डाळ लावली आणि रात्री घरादारानं दाणे चावले.

"सोडा हाय का? खायचा?"

"नाही. आज रविवार, दुकानं बंद."

"समदी?"

"स्टेशनात एक उघडं असतं."

"मग जा की."

"लांब हाय," तो म्हणाला. म्हणताना खाली बघत होता.

मंगलनं पुढं विचारलं नाही. "बरं. मग असं कर. किटली भरून पानी उकळ. उकळलं की पुन्यांदा एकदा उकळ आन् ठिऊन दे. हलवू नगं. खाली बसंल ते बसू दे. मग वरचं वरचं पातेल्यात घे, तळाचं वतून टाक. कालची डाळ नगं, नवी मूठभर घे. त्या गरम पान्यात तासभर भिजव. मीठ नगं, टमाटं तर अजाबात नगं, चिच नगं. मऊ झाल्याबिगर कायबी घालायचं नाय."

"फोन ठेवू मग?"

"ठिवू नगं. हितंच टेकव. मी हाय."

त्यानं फोन तेलाच्या बाटलीला टेकवला. मंगलला आता शेगडीची काळी काच, पातेलं आणि त्याचा डावा हात दिसत होता. बाहेर ओंकारचे वडील डाळिंबाच्या फवारणीचा पंप धूत होते. तासभर दोघं थोडं बोलले, पुष्कळ गप्प बसले. एक पोरगं येऊन दूध काढून घेऊन गेलं, जाताना फोनकडं बघून हात हलवला. मंगलनंही हलवला.

पातेलं चढलं. काचेखाली लाल कडं उमटलं. ओंकार टेबलावर हातांची उशी करून बसला. थोड्या वेळानं त्याचा खांदा सैल पडला.

"झोपलास व्हय?"

उत्तर नाही. झोपू दे, तिनं ठरवलं. मी बघते की.

झाकण आधी नुसतं थरथरलं. मग एका बाजूनं फेस आला आणि पातेल्याच्या अंगावरून खाली उतरला. काचेवर चर्र झालं असणार, तिला ऐकू आलं नाही.

"ओंकार. ओंक्या! आरं उतू चाललंय!"

हाक तांब्यावर आपटून परत आली. तिथं आवाज बारीक केलेला होता. फेस तपकिरी व्हायला लागला. मंगलनं हात पुढं केला, बोट काचेला लागलं, चित्र जरा मोठं झालं एवढंच.

मग तिला सुचलं. तिनं फोन कापला. पातेलं, हात, लाल कडं, सगळं गेलं. लगेच परत लावला. आता तिला ना डाळ दिसत होती, ना पोर. नुसती रिंग वाजत होती.

---

शिळोप्याची

मुख्यसेविकाताई, शेवट वाचून पोटात गोळा आला. फोन कापल्याशिवाय जागं करता येत नाही आणि कापला की दिसत नाही. छान पकडलंय. "मंगलला तेच घड्याळ बरं वाटलं" हे वाक्यही आवडलं.

पण शेवट अर्धवट वाटला. उठला का तो?

---

अ_भि

कथा चांगली, पण एक तांत्रिक चूक. भारत आणि जर्मनीत साडेतीन तासांचा फरक. इथे एक वाजता तिकडे साडेनऊ, हे बरोबर. मग तो साडेआठ का म्हणतो? नंतर भिंतीवरचं घड्याळही साडेनऊ दाखवतं. लेखिकेचा गोंधळ झालाय.

---

माईनकाठी

अ_भि, गोंधळ नाही, तीच तर गंमत आहे. उन्हाळ्यात साडेतीन तास, थंडीत साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनला घड्याळ दोनवर आणतात. २०२४ मध्ये तो रविवार २७ तारखेला होता. फोन आपोआप बदलतात, भिंतीवरची घड्याळं कुणीतरी स्टुलावर चढेपर्यंत तशीच राहतात. आमच्या हॉस्टेलमधलं तर मार्चमध्ये आपोआप बरोबर झालं.

मी व्युर्त्सबुर्गलाच तीन वर्षं काढली, म्हणून सांगतो, किटलीचा प्रसंग शंभर टक्के खरा आहे. हा सगळा चुनखडीचा पट्टा. त्याच उतारांवर द्राक्षं लावलेली, त्यातूनच पाणी येतं. जर्मनीत पाण्याचा जडपणा अंशात मोजतात आणि चौदाच्या वर गेलं की त्याला जड म्हणतात. आमच्याकडे आकडा त्याच्या कितीतरी वर होता. नव्या किटलीला पहिल्याच आठवड्यात पांढरं धरायचं. काचेचा ग्लास धुऊन ठेवला की वाळल्यावर ठिपके. केस झाडूसारखे हेही खरं. मला आधी वाटलं टक्कल पडतंय.

---

कावेरी७१

माझी भाची आधी मँचेस्टरला होती, मग नोकरीसाठी लंडनला गेली. मँचेस्टरचं पाणी डोंगरातल्या तलावाचं, अगदी मऊ. लंडनला गेल्यावर तोच कुकर, तशीच डाळ, शिट्ट्या तेवढ्याच आणि वरण घोटलं तरी कणी राहायची. तिनं कुकरची रिंग बदलली, मग कुकरच बदलला! शेवटी शेजारच्या गुजराती काकूंनी सांगितलं की बाई, पाणी बदल. ती आता पाणी गाळायच्या जगमधलं पाणी फक्त डाळीला आणि चहाला वापरते. म्हणजे ही सासूबाईंची दुसरी घागरच झाली की.

---

पंतांचा_वाडा

माझ्या पुतण्याला पुढच्या वर्षी जर्मनीला जायचं आहे. खात्यात किती पैसे दाखवावे लागतात? आणि कर्ज कोणती बँक लवकर देते? कथेत आईनं कर्ज काढलंय का ते कळलं नाही.

---

शिळोप्याची

पंत, हा कथेचा धागा आहे हो. 🙂

---

माईनकाठी

सांगतो पंत, कारण कथेशी त्याचा संबंध आहे असं मला वाटतं.

नुसते दाखवायचे नसतात, एका ब्लॉक केलेल्या खात्यात आधी भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली. त्यातले महिन्याला ९९२ सुटतात, एकदम सगळे काढता येत नाहीत. मेख अशी की ते सुटायला तिथलं चालू खातं लागतं. माझ्या बँकेनं खात्यासाठी राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागितला आणि नोंदणीची वेळ ऑक्टोबरमध्ये मिळता मिळेना, कारण त्याच महिन्यात सगळे विद्यार्थी येऊन पडलेले. नियमानं राहायला आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करायची असते, पण मला वेळच पाचव्या आठवड्याची मिळाली. तोपर्यंत खोलीची अनामत, पहिलं भाडं आणि सत्राची फी, सगळं खिशातून. खात्यात हजारो युरो आणि खिशात चाळीस, असा माझा पहिला महिना गेला.

त्यामुळे ओंकार "लांब हाय" म्हणतो तिथे मी थांबलो. स्टेशन त्या गावात कुठूनच फार लांब नाही. स्टेशनातलं दुकान रविवारी उघडं असतं पण महाग असतं. फडताळाचं दार पटकन लावणं, चहात दूध नसणं, दुसऱ्या पोरानं येऊन दूध काढून नेणं. पोराकडे पैसे नाहीत, असं मी वाचलं. मुख्यसेविकाताई, बरोबर का?

---

शिळोप्याची

अगंबाई. ते दूध माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता परत वाचते.

---

अ_भि

घड्याळाबद्दल मागे घेतो. पण डाळीबद्दल ऐका. खरं कारण मीठ आहे. पोरं पहिल्यांदाच मीठ घालतात, त्यानं डाळ आकसते आणि शिजत नाही. माझी आजी मीठ नेहमी शेवटी घालायची. कथेतली आईही तेच सांगते. आणि सोडा नसेल तर बेकिंग पावडर चालते, एकच आहे. जर्मनीत प्रत्येक स्वयंपाकघरात सापडेल.

---

रसायनवाली

अ_भि, निम्मं बरोबर, म्हणून लिहिते. अकरावी-बारावीला अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि घरी सोलापूरचं पाणी, त्यामुळे हा विषय दोन्हीकडून माझा.

डाळीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. शिजताना ते विरघळतं, पेशी सुट्या होतात, म्हणजे डाळ "मोडते". जड पाण्यातलं कॅल्शियम या पेक्टिनला जाऊन बांधतं आणि ते विरघळायला तयार होत नाही. म्हणून दाणा आतून शिजला तरी फुटत नाही. "डाळ एकीकडं, पाणी एकीकडं" हे त्याचंच वर्णन आहे, मी वर्गात याहून चांगलं केलं नसतं. आंबट घातलं तरी असंच होतं. टोमॅटो, चिंच, कोकम आधी पडलं की संपलं. मिठावर मात्र उगाच आळ आहे. भिजवताना मीठ घातलं तर कडधान्य उलट लवकर मऊ होतं. तुमच्या आजी आणि मंगल दोघींना मी विनम्रपणे विरोध करते.

सोडा आणि बेकिंग पावडर एक नव्हेत. बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत कोरडं आम्ल असतं. पाण्यात पडलं की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, फेस येतो आणि डाळीला काही मिळत नाही. सोडाही वाटीभर डाळीला चिमूटच. जास्त झाला तर वरण साबणासारखं लागतं, वास येतो आणि बी जीवनसत्त्व जातं ते वेगळं.

आता कथेवर माझी एक हरकत. पाणी उकळून, निवळून वरचं घेणं हा उपाय खरा आहे. उकळल्यावर जडपणाचा एक भाग तळाला बसतो, ती किटलीतली पांढरी खपली म्हणजे तोच. पण दुसरा एक भाग कितीही उकळा, पाण्यातच राहतो. तेव्हा अशा पाण्यात डाळ सुधारेल, पण कुकरशिवाय लोण्यासारखी होईल असं वाटत नाही. उतू जाईपर्यंत ती मोडली होती का?

---

माईनकाठी

बेकिंग पावडरला एक पुरवणी. तिथे बेकिंगच्या फळीवर दोन्ही पुड्या शेजारीशेजारी असतात. `Backpulver` म्हणजे बेकिंग पावडर आणि `Natron` म्हणजे आपला खायचा सोडा. मी पहिला महिनाभर पहिलीच पुडी डाळीत टाकत होतो. डाळ शिजली नाही, पण फेस जोरदार यायचा, त्यामुळे काहीतरी होतंय असं समाधान मिळायचं.

---

अ_भि

मिठाचं मला पटत नाही. आमच्या घरी तीन पिढ्यांचा अनुभव आहे.

---

रसायनवाली

एक मूठ डाळ मीठ घालून, एक मूठ बिनमिठाची, एकाच पाण्यात, सारखा वेळ लावून बघा. मग बोलू.

आणि कुणाला डाळ जुनी की पाणी जड हे ओळखायचं असेल तर तोच खेळ पाण्याचा करा. एक मूठ नळाच्या पाण्यात, एक बाटलीच्या साध्या पाण्यात. दोन्ही टणक राहिल्या तर डाळ जुनी. बाटलीतली मोडली आणि नळाची नाही, तर पाणी. बाटली घेताना बुडबुड्यांची घेऊ नका, तिथल्या बुडबुड्यांच्या पाण्यात खनिजं कधीकधी नळाहून जास्त निघतात.

---

कावेरी७१

किटलीतल्या त्या पांढऱ्यानं मुतखडा होतो का हो? भाचीला सांगायला हवं.

---

रसायनवाली

नाही, खपली चुकून पोटात गेली तरी त्यानं मुतखडा होत नाही. किटलीत पाणी आणि थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचं फूल घालून उकळायचं, तासभर ठेवून धुवायचं. साफ होते. न केल्यास किटली पाणी तापवायला वेळ आणि वीज जास्त खाते, एवढंच.

---

दुपारची_शिफ्ट

मी कथेवर बोलू का? 🙂

मला साल्टरच्या काट्याचा तुकडा सगळ्यात आवडला. आमच्या बायकोकडे तोच काटा होता. पण त्याची सुई २५ किलोपर्यंतच जाते. बॅग त्यापेक्षा जड असती तर सुई पुढे गेलीच नसती, बॅग किती जड ते कळलंच नसतं. दुसरं, अंगणवाडीचा काटा घरी नेला म्हणून आमच्याकडे एका बाईंना नोटीस मिळाली होती. मुख्यसेविकेनं हे लिहावं म्हणजे कमाल आहे.

आईबद्दल म्हणाल तर, मला ती जरा जास्तच हुशार वाटली. केस, चहा, किटली, एकामागून एक धागे जुळवत जाते. खऱ्या आया एवढ्या तपासनिसासारख्या नसतात. माझी आई व्हिडिओ कॉलवर कपाळच दाखवते आणि "दिसतोय का रे मी?" विचारते. होय, "दिसतोय". घाबरते ती कॅमेऱ्याला.

---

शिळोप्याची

दुपारची शिफ्ट, पण ती तेवीस वर्षं पोरांचे केस बघतेय. ते आधी सांगून ठेवलंय की. मला पटलं. मला न पटलेलं वेगळंच आहे. ती किटलीत दिवा लावून आत बघते, मग पैशाचं का नाही बघत? फडताळ उघड म्हणाली असती.

---

माईनकाठी

कारण पैशाचं बघितलं तर तिला काहीतरी करावं लागेल, आणि सांगोल्यातून तिला करता येण्यासारखं काही नाही. पाण्याचं करता येतं.

---

शिळोप्याची

हं.

---

कावेरी७१

माझा मुलगा नागपूरला शिकतो. परदेश नाही, पण महिन्यातून एकदा फोन. तोही "पैसे पाठव" इतकाच. त्याला डाळ शिजते की नाही हे विचारायची सोयच नाही, तो मेसचं खातो. मला मंगलचा हेवा वाटला, खरं सांगते.

---

मुख्यसेविका_निवृत्त

दिवसभर बाहेर होते, आता एकदम लिहिते.

अ_भि, घड्याळ. माझ्या भाच्याच्या बाबतीत ते खरंच घडलं. माझी बहीण "मी रोजच्या वेळेला लावला" म्हणून त्याच्यावर चिडली होती, तो झोपमोड झाली म्हणून हिच्यावर. दोघंही बरोबर.

रसायनवाली ताई, मीठ तसंच राहू द्या. मंगलला ते माहीत नाही आणि मी तिच्या तोंडी माझं शहाणपण घालणार नाही. डाळीचं मात्र तुम्ही बरोबर पकडलं. भाच्यानं हीच युक्ती केली होती तेव्हा डाळ पूर्ण मोडली नव्हती, पण डावाच्या पाठीनं घोटता आली. आधी डाव मारला की दाणे उडायचे, म्हणाला. मी ते मुद्दाम कथेत घेतलं नाही, कारण मंगलला ते दिसतच नाही.

दुपारची शिफ्ट, काटा २५ चाच, मान्य. म्हणून तर बॅग एक आणि सुई तेवीसच्या जराच पुढं. त्यापुढची असती तर तुळई तपासावी लागली असती. नोटिशीबद्दल बोलत नाही. मी अशा दोन नोटिसा काढल्या आहेत आणि एकदा स्वतः काटा लपवून दिलाही आहे, मुलीच्या बाळाला.

माईनकाठी, दुधाचं तुम्ही वाचलंत याचा आनंद झाला. पण मंगलला किती कळलं ते मी ठरवलेलं नाही. पहिल्या मसुद्यात ती फोन ठेवल्यावर भिशीच्या बाईकडे जाते असं होतं. वाचताना ते परिच्छेद नको वाटले, काढले. तुमचं म्हणणं वाचल्यावर वाटतंय, कदाचित तिला सगळं कळलं होतं आणि म्हणूनच ती म्हणाली "मी हाय". कदाचित नाही.

---

माईनकाठी

एकच प्रश्न. भाच्याचा फोन त्या दिवशी उचलला गेला का? कथेतला नाही, खरा.

---

मुख्यसेविका_निवृत्त

खरा उचलला गेला. नवव्या रिंगला. पातेल्याचा बूड काळा झाला होता आणि ते पातेलं होतं शेजारच्या खोलीतल्या पोराचं. घासायला मग त्यानं माझ्या बहिणीला परत फोन लावला, राखेशिवाय बूड कसं निघतं ते विचारायला.

---

अ_भि

मी दोन मुठी लावल्या आहेत. एकात मीठ. कुकरला नाही, उघड्या पातेल्यात. तास झालाय, अजून दोन्ही कच्च्या आहेत. कळवतो.